क्लब सोडायचाय? मग वर्गणीच्या आधी तारीख बघा

पेठेतल्या तालमीची किंवा गणेश मंडळाची वर्गणी कशी असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पावती पुस्तक घेऊन पोरं दारात येतात, आपण देतो. एखाद्या वर्षी नाही दिली तर चार दिवस टोमणे ऐकतो, पण कुणी बिल पाठवत नाही. तीच सवय घेऊन आपण क्लबमध्ये किंवा एखाद्या व्यावसायिक असोसिएशनमध्ये शिरतो आणि तिथेच गफलत होते. तिथे वर्गणी भरली नाही म्हणून मेंबरशिप संपत नाही. मेंबरशिप चालूच राहते, फक्त थकबाकी चढत जाते.

संस्थांचे हिशेब बघण्याच्या निमित्ताने मी थकबाकीच्या याद्या बऱ्याच चाळतो. त्यातली निम्मी नावं तरी अशी असतात की त्या माणसाच्या मते त्याने क्लब कधीच सोडलेला असतो. पोहायला जाणं बंद केलं, कार्ड कपाटात टाकलं, मॅनेजरला तोंडी सांगितलं, झालं. क्लबच्या दप्तरात मात्र तो अजून मेंबर असतो. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

वार्षिक मेंबरशिपच्या नियमावलीत साधारण असं एक कलम असतं: ‘वर्ष संपण्यापूर्वी किमान अमुक दिवस आधी सभासदाने लेखी सूचना न दिल्यास सभासदत्व पुढील वर्षासाठी आपोआप नूतनीकृत झाले असे समजण्यात येईल.’ अमुकच्या जागी कुठे तीस दिवस असतात, कुठे साठ, कुठे नव्वद. मेंबर होताना आपण फॉर्मवर जी सही करतो तिच्या वर बारीक अक्षरात ‘संस्थेची घटना व नियम मला मान्य आहेत’ असं छापलेलं असतं. त्या एका ओळीतून हे कलम आपल्याला लागू होतं.

क्लबची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण पुढे कमिटीसमोर बसायची वेळ आली तर ती उपयोगी पडते. तलावाचं पाणी, ट्रेनरचा पगार, लाइटबिल यांचं अंदाजपत्रक नवं वर्ष सुरू होण्याआधी बसवायचं असतं. किती मेंबर राहणार हे कमिटीला त्याआधी कळावं, एवढ्यासाठी ही मुदत असते. माझ्या मते तीस दिवस ठीक आहेत, साठसुद्धा चालून जातील. नव्वद दिवस म्हणजे मेंबर विसरावा म्हणूनच ठेवलेली मुदत वाटते.

आता कायदा काय म्हणतो? आपल्याकडचे बरेच क्लब आणि असोसिएशन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात. त्या कायद्याचं कलम १५ सभासद कोण ते सांगतं. नियमाप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला, आणि ‘नियमांप्रमाणे राजीनामा न दिलेला’ माणूस म्हणजे सभासद. सगळा भार त्या शेवटच्या अटीवर आहे. राजीनामा द्यायचा तो नियमांत सांगितलेल्या पद्धतीने, मनातल्या मनात नाही. त्याच कलमात पुढे असं आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्या कायद्याखालच्या कामकाजात त्याला सभासद म्हणून मोजत नाहीत. आणि कलम १० म्हणतं की नियमाप्रमाणे देय असलेली वर्गणी थकली तर संस्था त्या सभासदावर दावा लावू शकते. म्हणजे गप्प बसणाऱ्याला दोन्हीकडून मार: मताचा हक्क जातो आणि देणं मात्र राहतं.

खासगी मालकाच्या जिमला किंवा कंपनीच्या क्लबला हा कायदा लागू नाही. तिथे तुमचा सही केलेला फॉर्म हाच करार. पण सूचना, मुदत आणि पोच यांचं गणित तिथेही तेच असतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा ताराबाई पार्कात राहणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आपण आण्णा म्हणू. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, गुडघ्यामुळे बॅडमिंटन सुटलं, तलावावर जाणंही थांबलं. क्लबची वर्षाची वर्गणी १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४०, एकूण २१,२४०. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नियम असा: ‘वर्ष संपण्यापूर्वी किमान साठ दिवस आधी लेखी सूचना कार्यालयात पोहोचली पाहिजे.’ आण्णांना ३१ मार्च २०२७ नंतर क्लब नकोय.

आण्णा म्हणतात, साठ दिवस म्हणजे दोन महिने, तेव्हा ३१ जानेवारीला अर्ज दिला की झालं. इथेच एका दिवसाने गाडी चुकते. अर्ज ३१ जानेवारीला मिळाला तर मधले दिवस १ फेब्रुवारीपासून मोजायचे. फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१ मिळून होतात ५९. साठ भरतच नाहीत. अर्ज ३० जानेवारीला पोहोचला तर ३१ जानेवारीचा एक दिवस जमा होतो आणि साठ पूर्ण होतात. ज्या दिवशी सूचना मिळाली तो दिवस सोडून मोजायची ही रीत धरली की सहसा वाद होत नाही. नियमात ‘साठ दिवस’ऐवजी ‘दोन महिने’ असं असतं तर ३१ जानेवारी चालली असती. लीप वर्षात फेब्रुवारी २९ चा, म्हणून तेव्हा साठ दिवसांच्या हिशेबातही ३१ जानेवारी चालते. म्हणून नियमाचे शब्द जसेच्या तसे वाचायचे आणि कॅलेंडर समोर ठेवून बोटांनी दिवस मोजायचे.

२०२७ ची ३० जानेवारी शनिवारी येते आणि ३१ रविवारी. त्याच आठवड्यात मंगळवारी प्रजासत्ताक दिन. क्लबची ऑफिसं शनिवारी कधी अर्धा दिवस, कधी बंद. म्हणजे कागदावर मुदत शनिवारपर्यंत असली तरी आण्णांची खरी मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते. मी त्यांच्या जागी असतो तर संक्रांतीच्या आसपासच हे काम उरकून टाकलं असतं. लवकर दिलेल्या सूचनेने काही बिघडत नाही. मेंबरशिप ३१ मार्चपर्यंत चालूच राहते, तोवर हवं तर रोज पोहायला जावं.

दुसरी नजर ‘पोहोचली पाहिजे’ या शब्दांवर हवी. सूचना ‘पाठवली’ कधी याला इथे किंमत नाही, ‘मिळाली’ कधी याला आहे. आण्णांनी २९ जानेवारीला पोस्टात टाकलेलं पत्र २ फेब्रुवारीला पोहोचलं तर क्लब म्हणेल उशीर झाला, आणि नियमाच्या शब्दांप्रमाणे ते बरोबर ठरेल. काही नियमावल्यांत ‘पाठवल्याची तारीख’ धरलेली असते, पण तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्यावर विसंबावं.

आणि वर्ष कुठलं, हेही बघायला हवं. सगळीकडे ते मार्चअखेर संपत नाही. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या ऑफरमध्ये घेतलेली जिमची मेंबरशिप बहुतेक वेळा प्रवेशाच्या तारखेपासून वर्षभर चालते. त्यासाठी शेवटची पावती काढून तिच्यावरचा ‘कालावधी’ वाचावा. पावतीवर एक आणि नियमावलीत दुसरंच असेल तर सेक्रेटरीकडून लेखी खुलासा मागावा, काउंटरवरच्या पोराच्या शब्दावर जाऊ नये.

नियमावली हाताशी नसेल तर आधी क्लबच्या ऑफिसात प्रत मागायची. टाळाटाळ झाली तर नोंदणीकृत संस्थेची नियमावली सहाय्यक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल असते. नोंदणी अधिकाऱ्याकडे दाखल झालेली कागदपत्रं कुणालाही किरकोळ फी भरून पाहता येतात आणि त्यांची प्रत घेता येते, तशी तरतूद संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १९ मध्येच आहे. तिथे जाण्यासाठी संस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो. तो क्लबच्या पावतीवर किंवा लेटरहेडवर छापलेला असतो.

आता अर्ज. तो लांबलचक नको आणि त्यात रुसवेफुगवेही नकोत. तलावाचं पाणी हिरवं असतं, कॅन्टीनचा चहा पांचट असतो, हे सगळं खरं असलं तरी ते तक्रारीच्या पत्रात लिहावं. राजीनाम्यात तक्रार मिसळली की कमिटी तिला ‘तक्रार अर्ज’ म्हणून फाइल करते आणि राजीनामा राहून जातो. मजकूर एवढाच पुरे:

‘प्रति, मा. मानद सचिव. विषय: वार्षिक सभासदत्वाचे नूतनीकरण न करण्याबाबत सूचना. महोदय, माझा सभासद क्रमांक अमुक आहे. नियमावलीतील नियम क्रमांक अमुकप्रमाणे मी ही सूचना देत आहे की, ३१ मार्च २०२७ रोजी संपणाऱ्या वर्षानंतर माझे व माझ्यासोबत नोंद असलेल्या कुटुंबीयांचे सभासदत्व पुढे चालू ठेवायचे नाही. काही कारणाने ही सूचना या वर्षासाठी ग्राह्य धरली गेली नाही, तर ती त्यापुढील वर्षअखेरीसाठीची सूचना समजावी. माझी अनामत रक्कम व लॉकरची ठेव यांचा हिशेब करून ना-देय दाखला द्यावा. सूचना मिळाल्याची पोच द्यावी.’

यातल्या ‘ग्राह्य धरली गेली नाही, तर’ या वाक्यावर मी हटून बसतो. समजा मोजणीत चूक झाली आणि सूचना एक दिवस उशिरा ठरली. हे वाक्य नसेल तर क्लब म्हणू शकतो की उशिरा आलेली सूचना म्हणजे सूचनाच नाही, पुढच्या जानेवारीत नवीन द्या. माणूस तोवर विसरतो आणि दुसरं वर्षही डोक्यावर बसतं. हे वाक्य असलं की नुकसान फार तर एका वर्षाचं.

कुटुंबीयांचा उल्लेखही मुद्दाम आहे. बऱ्याच क्लबांत वहिनींचा आणि मुलांचा सभासद क्रमांक वेगळा असतो. मुख्य सभासद गेला तरी त्यांच्या नावाची बिलं निघत राहतात. पत्नीची मेंबरशिप स्वतंत्र असेल तर तिच्या सहीचा वेगळा अर्ज द्यावा.

अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि स्वतः जाऊन द्यायच्या. काउंटरवर काय होतं ते ठरलेलं आहे.

‘आण्णा, अर्ज ठेवून जावा. साहेब आले की बघतील.’

‘साहेबांनी निवांत बघावं की. तू तेवढा शिक्का मार आणि आवक नंबर घाल. मी थांबतो.’

प्रत्येक संस्थेत आवक-जावक रजिस्टर असतं. त्यात अनुक्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय असे रकाने असतात. तुमचा अर्ज त्यात चढला की तो आला हे नाकारता येत नाही, कारण त्याच्या वरच्या आणि खालच्या नोंदी दुसऱ्यांच्या असतात आणि मागाहून मध्ये ओळ घुसडता येत नाही. म्हणून आपल्या प्रतीवर चार गोष्टी हव्यात: शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक. नुसती सही असलेली प्रत मी पुष्कळदा पाहिली आहे. तारीख नसेल तर तिच्यावरून अर्ज आला एवढंच सिद्ध होतं, मुदतीत आला हे होत नाही, आणि वाद तर मुदतीचाच असतो.

पोच द्यायला कुणी तयार नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावं, पण आठ-दहा दिवस हाताशी ठेवून. पोस्टाने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन केलं, त्यामुळे जुन्या सवयीने ‘रजिस्टर एडी’ शोधत बसू नये. नोंदणी आणि पोचीची सोय स्पीड पोस्टातच मागून घ्यावी. पोहोचल्याची नोंद वेबसाइटवर दिसली की लगेच तिची प्रिंट काढून पावतीला टाचून ठेवावी. ईमेल चालतो का, ते नियमावलीवर आहे. चालत असेल तर क्लबकडे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच तो जायला हवा. कोचला व्हॉट्सअ‍ॅप केलेलं सूचना म्हणून टिकत नाही.

एक अडथळा वरचेवर येतो. ‘राजीनामा कमिटीच्या सभेत मंजूर झाल्यावरच अमलात येईल’ असं नियमात लिहिलेलं असतं आणि सभा असते फेब्रुवारीच्या शेवटी. मग ऑफिस म्हणतं, मंजुरीच तारखेनंतर झाली. पण मुदत आहे ती सूचना मिळण्याची. सभा कधी घ्यायची हे सभासदाच्या हातात नसतं, त्यामुळे कमिटीच्या उशिराचा भुर्दंड त्याच्यावर टाकता येत नाही. आवक तारखेची पोच हातात असेल तर हा मुद्दा शांतपणे मांडता येतो आणि बहुतेक कमिट्या तो मान्य करतात.

हे झालं कागदाचं. पैसे परस्पर खात्यातून वळते होत असतील तर तो वेगळा धागा, आणि लोक नेमके दोन्ही एकत्र गुंडाळतात. ऑटोपे बंद केलं की मेंबरशिप संपली असं त्यांना वाटतं. ऑटोपे ही तुम्ही बँकेला दिलेली सूचना आहे आणि मेंबरशिप हा तुमचा क्लबशी असलेला करार आहे. पहिली रद्द केली म्हणून दुसरा संपत नाही, आणि उलट, मेंबरशिप संपली तरी जुनी परवानगी जिवंत असेल तर पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी सूचना देऊन पोच घ्यायची, मग ऑटोपे रद्द करायचं.

कार्डावरून किंवा यूपीआयवरून जाणाऱ्या अशा वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला संदेश यायला हवा आणि परवानगी कधीही मागे घेता यायला हवी. क्लबच्या वर्गणीसारखी वसुली १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपीसारखी खातरजमाही लागते, म्हणजे आण्णांचे २१,२४० रुपये या मार्गाने गुपचूप जाणार नाहीत. यूपीआयचं ऑटोपे ज्या अ‍ॅपमधून सुरू केलं त्याच अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन बंद करता येतं. पण बँकेच्या फॉर्मवर सही करून दिलेला एनएसीएच मँडेट, म्हणजे खात्यातून परस्पर वसुलीची परवानगी, असेल तर तो शाखेत किंवा नेट बँकिंगमधून रीतसर रद्द करावा लागतो. खातं रिकामं ठेवून तो परत जाऊ देणं ही वाईट युक्ती आहे. बँक दंड लावते, आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलेल्या अशा वसुलीवर, चेक बाउन्ससारखीच, फौजदारी तक्रारीची तरतूदही कायद्यात आहे.

आणि तारीख खरंच हुकली तर? समजा आण्णांना हे सगळं १५ मार्चला आठवलं. तरीही अर्ज त्याच दिवशी द्यायचा, त्या ‘ग्राह्य धरली नाही तर’ वाक्यासकट. मग कमिटीला वेगळं पत्र लिहायचं. त्यात कारण सांगायचं, डॉक्टरांचा कागद जोडायचा आणि माफी मागण्यापेक्षा तोडगा मागायचा. पूर्ण वर्षाऐवजी एक तिमाही घ्या, किंवा अनुपस्थित सभासदाचा कमी दर लावा. असा दर बऱ्याच क्लबांत असतो आणि विचारल्याशिवाय तो कुणी सांगत नाही. एक गोष्ट मात्र बारकाईने तपासावी: सूचनेची मुदत उलटून गेल्यावर क्लबने वर्गणी वाढवली आहे का. जानेवारीत ज्या दराने पुढचं वर्ष मान्य झालं असं धरलं, तो जुना दर होता. वाढ मार्चमध्ये जाहीर केली असेल तर सभासदाला ती ऐकून बाहेर पडायची संधीच मिळाली नाही. कमिटीपुढे मांडायला हा मुद्दा वजनदार आहे.

ग्राहक आयोगात जाता येतं का? नफ्यासाठी चालणाऱ्या जिम किंवा क्लबविरुद्ध जाता येतं. सभासदांनीच सभासदांसाठी चालवलेल्या असोसिएशनच्या बाबतीत ‘तुम्ही ग्राहक की मालक’ हा वाद आधी उभा राहतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वर्गणीच्या रकमेएवढ्या किरकोळ प्रकरणात तक्रारीची फी लागत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी समेटाचा प्रयत्न करता येतो. २०१९ च्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही सोयही आहे, म्हणजे ग्राहकावर अवाजवी अट लादणारं कलम रद्द ठरवून घेता येतं. पण तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे, हे आपले वकीलही कधी कधी विसरतात. अ‍ॅपवरून मेंबरशिप घेतली असेल आणि रद्द करायचं बटणच सापडू दिलं जात नसेल तर नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ असं नाव देऊन मनाई केलेली आहे. हेल्पलाइनवर बोलताना हेच शब्द वापरावेत. हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ मध्ये कोल्हापुरात आलं म्हणून एकवीस हजारांचा वाद तिथे न्यायचा विचार मात्र कुणी करू नये. तेवढी रक्कम पहिल्या दोन तारखांनाच संपेल.

राजीनामा मुदतीत गेला असेल तर एप्रिलमध्ये एक काम उरतं, ते म्हणजे ना-देय दाखला घेणं. त्यासाठी कॅन्टीनचं उधार, लॉकरची किल्ली आणि सगळ्यांची कार्डं जमा करावी लागतात. किल्ली आणि कार्डं दिल्याचीही पावती घ्यावी, कारण अनामत रकमेतून ‘किल्ली हरवली’ म्हणून पैसे कापल्याची प्रकरणं हिशेबात सापडतात. अनामत परत मिळेल ती चेकने किंवा खात्यात, आणि सोबत मूळ पावती परत मागतील. ती देण्याआधी तिची झेरॉक्स काढून ठेवावी. दाखल्यावर ‘राजीनाम्याने सभासदत्व समाप्त’ असं लिहिलंय का ते तिथेच वाचावं. त्याऐवजी ‘थकबाकीमुळे नाव कमी’ असं लिहिलेलं असेल तर दाखला घेऊन बाहेर पडू नये. अशा नोंदीवरून क्लब अनामत अडवू शकतो आणि उद्या पुन्हा मेंबर व्हायचं झालं तर तीच नोंद आधी पुढे येते. पोचेची प्रत दाखवून मजकूर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावा.